निरंक

माणसाच्या आयुष्यात मार्क मिळण्याचं वय केव्हातरी संपतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. बीवायके कॉलेजातून बी.कॉम. झालो, ती गुणपत्रिका वडिलांनी एकदा डोळ्यांखालून घातली, 'ठीक आहे' म्हणाले आणि कपाटात टाकली. त्या दिवशी मला वाटलं, सुटलो. पुढे बँकेत चिकटलो आणि कळलं की शाळा सुटली तरी प्रगतिपुस्तक सुटत नाही. फक्त शाळेत ते वडिलांना दाखवावं लागे, आता बायकोपासून लपवावं लागतं.

ही हकीकत २०२३-२४ सालच्या मूल्यमापनाची. बँकेचं नाव सांगत नाही, कारण निवृत्तीला अजून बारा वर्षं आहेत आणि कर्जाचे हप्ते पगारातूनच जातात. शाखा पंचवटीतली, आणि मी तिथला कॅशियर, एवढं पुरे. आमच्याकडे दहा रकाने असतात, प्रत्येकी दहा गुण. मला आधीच्या तीन वर्षांत अनुक्रमे ७८, ८१ आणि ७९ मिळाले होते. २० जून २०२४ रोजी संगणकावर नवा आकडा उमटला : ५४. शेरा : 'सरासरी'. खाली साहेबांच्या शब्दांत तीन ओळी होत्या. 'अचूकतेकडे अधिक लक्ष हवे. कामाचा उरक कमी. ग्राहकांशी अनावश्यक बोलतात.'

ऑफिसरच्या परीक्षेला बसायचं तर त्या वर्षी किमान साठ हवे होते. माझं वय शेहेचाळीस. ही माझी तिसरी आणि, नियमाप्रमाणे, शेवटची खेप. घरी सौभाग्यवतीला सांगितलं तर ती कणीक मळता मळता म्हणाली, "अहो, पण बोलता तुम्ही अनावश्यकच." साहेबांचा आणि तिचा परिचय नाही, तरी एकमत किती!

त्या रात्री मी एचआर खात्याला पत्र लिहायला बसलो. पूर्वी या खात्याला आस्थापना विभाग म्हणत. मग ते पर्सोनेल झालं, मग मनुष्यबळ विकास, आणि आता नुसती दोन अक्षरं उरली आहेत. नाव जसजसं आखडत गेलं तसतसं खातं लांब गेलं. पहाटे दोनपर्यंत लिहून साडेसात पानं झाली. सुरुवात अशी होती : 'आपल्या मूल्यमापनाने माझ्या अंतःकरणास ज्या यातना झाल्या त्यांचे वर्णन करण्यास लेखणी असमर्थ आहे.' लेखणी असमर्थ असूनही साडेसात पानं! चौथ्या पानावर साहेबांच्या स्वभावाचं वर्णन होतं, पाचव्यावर शेजारच्या काउंटरच्या बाईंचं. त्यांना ७४ मिळाले होते, आणि त्या दुपारी भाजी निवडतात हे बँकेच्या निदर्शनास आणणं मला माझं कर्तव्य वाटलं होतं. सातव्या पानावर मी राजीनाम्याचा इशारा दिला होता. तो मात्र शिसपेन्सिलीनं.

रविवारी पत्र घेऊन आम्ही जेलरोडला हिच्या मामांकडे गेलो. मामा नाशिकरोडच्या प्रेसमधून २००४ साली निवृत्त झाले. उभी नोकरी आस्थापनेच्या टेबलावर. गोपनीय अहवाल या विषयात त्यांचा अधिकार असा की, लग्नाची पत्रिका आली तरी ते आधी जावक क्रमांक शोधतात.

मामांनी चष्मा लावला, लाल पेन्सिल घेतली आणि पहिल्याच ओळीवर थांबले.

"जावईबापू, हे अंतःकरण कोणत्या रकान्यात आहे?"

मी म्हटलं, "रकान्यात नाही. ते माझं आहे."

"मग ते घरी ठेवा. अहवालात जे लिहिलंय त्यालाच उत्तर द्यायचं. दहा रकाने आहेत ना? वाद किती रकान्यांचा आहे?"

"दहाच्या दहा!"

"हरलात," मामा म्हणाले, आणि चहा सांगायला आत गेले.

चहा येईपर्यंत त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. त्यांच्या काळात सी.आर. गोपनीय असायचा. म्हणजे ज्याच्याबद्दल लिहिलंय तो माणूस सोडून साऱ्या ऑफिसला तो माहीत असायचा. प्रतिकूल शेरा असेल तरच माणसाला कळवायचं, अशी रीत. बाकी 'चांगला' लिहिलं काय आणि 'अतिशय चांगला' लिहिलं काय, कळवण्याचं कारण नाही. यात फसला देव दत्त नावाचा एक इंजिनिअर. सीमेवर रस्ते बांधणाऱ्या खात्यात होता. बढतीला पाच वर्षांचे अहवाल 'अतिशय चांगला' लागत. त्याच्या १९९३-९४ च्या अहवालात नुसतं 'चांगला' होतं. चांगला म्हणजे वाईट नव्हे, म्हणून कोणी त्याला कळवलं नाही, आणि त्या एका 'चांगल्या'नं त्याची बढती गेली. तो भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. २००८ साली निकाल लागला, तोवर तो निवृत्तही झाला होता. न्यायालय म्हणालं, शेरा गोड असो की कडू, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध म्हणणं मांडता येईल. पुढच्याच वर्षी, १४ मे २००९ ला, केंद्र सरकारनं आपल्या खात्यांना आदेश काढला : पूर्ण अहवाल दाखवा, आणि म्हणणं मांडायला पंधरा दिवस द्या.

"तेव्हा तुम्हाला हा आकडा दिसला, हीच देव दत्तची कृपा," मामा म्हणाले. "पण दिसला तो दिवस मोजायला लागा. तुमच्या बँकेत मुदत किती?"

परिपत्रक मी वाचलं नव्हतं. आमच्या बँकेत परिपत्रकं वाचण्यासाठी नसतात, सही करण्यासाठी असतात. सोमवारी काढून पाहिलं तर आमच्याकडेही पंधराच दिवस. म्हणजे ५ जुलै. चार दिवस तर मी अंतःकरणावर घालवले होते.

दुसऱ्या रविवारची बैठक खऱ्या अर्थानं कामाची झाली. मामांनी पाच रकाने तिथल्या तिथे उडवले. त्यांत मला सहा किंवा सात गुण होते आणि तक्रारीला जागा नव्हती. मग 'वक्तशीरपणा' आला. गुण पाच. मी म्हटलं हा उघड अन्याय आहे. मामा म्हणाले, हजेरीपट काय म्हणतो? हजेरीपट म्हणत होता की वर्षात एकोणीस वेळा मला उशीर झाला. पावसाळ्यात मखमलाबाद नाक्यावर... "नाका रकान्यात नाही," मामा म्हणाले. मग 'नवा व्यवसाय आणण्यात पुढाकार', गुण पाच. डिसेंबरात साहेबांनी प्रत्येकाला बारा विमा पॉलिसी विकायला सांगितल्या होत्या. मी एक विकली. ती मला.

"हेही सोडा."

"मामा, पण हे असं सोडत सोडत..."

"अहो, जो दहा ठिकाणी अन्याय झाला म्हणतो त्याचं कोणी एकही ठिकाण बघत नाही. तीन धरा. अचूकता, उरक आणि ग्राहकसेवा. साहेबांनी शब्दांत लिहिलंय तेही या तिघांबद्दलच. त्या तिन्हींचे कागद आणा."

कागद आणा म्हणणं सोपं आहे. माझ्या कामाचे कागद म्हणजे काय? मी नोटा घेतो, नोटा देतो. गिऱ्हाईक नोटा घेऊन जातं आणि माझा पुरावाही सोबत जातो. लेखकाचं पुस्तक उरतं, सुताराचं कपाट उरतं. कॅशियरच्या हाती दिवसअखेर उरलंच काही तर ती चोरी असते.

हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते प्रथमच खूष दिसले. "कॅशमध्ये फरक आला तर कुठे लिहिता?"

"फरकाच्या रजिस्टरात."

"वर्षभरात तुमच्या नावावर किती नोंदी?"

मी आठवून पाहिलं. एकही नव्हती.

"मग तोच तुमचा पुरावा. 'निरंक'! तसा दाखला घ्या."

वाचकहो, सरकारी मराठीतला हा सर्वांत सुंदर शब्द असावा, आणि मी वीस वर्षं त्याच्याकडे रिकामी जागा म्हणून पाहत होतो. काम बिघडलं की त्याची नोंद होते. ते नीट झालं तर त्या पानावर काहीच नसतं. आणि वर्षअखेरीस साहेब गुण द्यायला बसतात तेव्हा त्यांच्यासमोर भरलेली पानंच येतात. कोरं पान कोण उघडून बघतो?

त्यात ते वर्ष साधं नव्हतं. १९ मे २०२३, शुक्रवार, रिझर्व्ह बँकेनं संध्याकाळी जाहीर केलं की दोन हजारांची नोट मागे घेत आहोत. २३ मेपासून बदलून द्यायची, एका वेळी वीस हजारांपर्यंत, म्हणजे दहा नोटा. खात्यात भरायला त्या मर्यादेचा जाच नव्हता. मुदत ३० सप्टेंबर, ती नंतर ७ ऑक्टोबर झाली. आमची शाखा पंचवटीत, मार्केट यार्ड जवळ. त्या चार महिन्यांत माझ्या खिडकीसमोर भाजीचे व्यापारी, द्राक्षाचे बागाईतदार, रामकुंडावरचे उपाध्ये, आणि साडीच्या घडीतून तीन नोटा काढून 'यांना सांगू नका' म्हणणाऱ्या आजीबाई, असं अर्धं नाशिक उभं राहून गेलं. रोज संध्याकाळी नोटा मूल्यवार मोजून कॅश जुळवायची. ती रोज जुळली. शिवाय पाचशेच्या दोन बनावट नोटा मी पकडल्या. त्यांवर शिक्का मारून, गिऱ्हाइकाला पावती देऊन, रजिस्टरात नोंद केली. त्या दोन नोंदी मात्र माझ्या सहीनिशी होत्या.

आणि इथेच मामांना गाठ सापडली. "हे सगळं मे ते सप्टेंबर. तुमचे हे साहेब कधी आले?"

"ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. आधीचे सप्टेंबरअखेर बदलून गेले."

"जाताना आपल्या सहा महिन्यांचा अहवाल लिहून गेले का?"

तो नव्हता. आमच्याच परिपत्रकात चौदाव्या पानावर लिहिलेलं होतं की, तीन महिन्यांहून अधिक काळ काम पाहिलेला अधिकारी बदलून गेला तर त्यानं आपल्या काळापुरतं मत नोंदवून जावं. सरकारातही असाच नियम आहे, मामा म्हणाले, आणि तिथेही जाणारा साहेब निरोपाच्या नारळाच्या गडबडीत तो विसरतो. म्हणजे नव्या साहेबांनी माझ्यावर राग धरून ५४ दिले नव्हते. त्यांनी सिनेमा मध्यंतरानंतर पाहिला होता. चौथं पान फाडताना मला थोडी लाज वाटली, हे कबूल करतो. पाचवं पान मामांनीच फाडलं. "दुसऱ्याला जास्त दिले म्हणून मला द्या, हा मुद्दाच होत नाही. बँक बाईंचे कमी करून मोकळी होईल."

उरकाचं प्रकरण अवघड होतं. संगणकातून माझ्या नावावरचे वर्षाचे व्यवहार काढले : ४०,८८७. आकडा पाहून मी स्वतःच उभा राहिलो. मामा ढिम्म. "हे जास्त की कमी?"

"चाळीस हजार म्हणजे..."

"गोदावरीला किती क्युसेक पाणी सोडलं हे पेपरात वाचून तुम्हाला काय कळतं? दुतोंड्या मारुतीच्या कंबरेला लागलं म्हटलं की कळतं. तुमचा मारुती कुठाय?"

मारुती सापडला तो आधीच्या वर्षात. २०२२-२३ मध्ये मी २२५ दिवस काउंटरवर होतो आणि व्यवहार ३३,७५०. म्हणजे रोजचे दीडशे. त्या वर्षी उरकाला मला दहापैकी आठ होते. यंदा २३१ दिवस आणि ४०,८८७, म्हणजे रोजचे १७७. काम रोजी सत्तावीसनं वाढलं आणि गुण आठाचे चार झाले. यावर मामांनी एक शब्दही जोडू दिला नाही. 'हे विसंगत आहे' असंही लिहायचं नाही म्हणाले. वाचणाऱ्याला स्वतःला सापडलेली विसंगती त्याला आवडते.

अचूकतेत मात्र त्यांनी माझी कळ काढली. "चुकीच्या नोंदी फिरवाव्या लागल्या असतील की नाही? किती?"

अकरा होत्या. त्यांतली एक तर अशी की एका आडनावाच्या, एका नावाच्या दोन सद्गृहस्थांपैकी गंगापूर रोडवाल्यांचे पैसे सिडकोवाल्यांना गेले होते. तासाभरात परत फिरवले, पण तो तास मी विसरणार नाही. मी म्हटलं, मामा, हे कशाला लिहायचं? मामा म्हणाले, तुम्ही नाही लिहिलंत तर साहेब लिहितील, आणि मग निरंकवर कोण विश्वास ठेवील? तेव्हा तेही लिहिलं : ४०,८८७ पैकी ११, सर्व त्याच दिवशी दुरुस्त.

एक घोटाळा मी आधीच करून बसलो होतो. पुराव्यासाठी गिऱ्हाइकांची नावं, खातेक्रमांक आणि रकमा असलेल्या याद्यांच्या झेरॉक्स मारल्या होत्या, चांगल्या साठ पानं. मामांनी पहिलं पान पाहिलं आणि चष्मा काढला. लोकांची खाती पत्राला जोडलीत तर गुण राहिले बाजूला, गुप्तता मोडली म्हणून चौकशी लागेल. याद्या बंबात गेल्या. पत्रात फक्त रजिस्टरचं नाव, पान क्रमांक आणि तारीख गेली. ज्याला बघायचंय तो शाखेत उघडून बघेल. त्याच न्यायानं दोन पेन्शनर आजोबा शिफारसपत्र देतो म्हणत होते, त्यांनाही हात जोडले. बाहेरच्याचं वजन आणणं सेवानियमांत बसत नाही.

अशा रीतीनं साडेसात पानांचं पत्र दीड पानावर आलं. त्यातला मजकूर इतका कोरडा होता की मला ते दुसऱ्याच कोणाचं वाटायला लागलं. वानगीदाखल :

'रकाना ४, अचूकता, गुण ५. या वर्षात माझ्या नावे कॅश फरकाची नोंद निरंक आहे (दाखला जोडला आहे). बनावट नोटा रजिस्टर, पान ३१ व ३४ वर माझ्या सहीच्या दोन नोंदी आहेत. दुरुस्त केलेल्या नोंदी ११. एप्रिल ते सप्टेंबर या काळाबाबत तत्कालीन शाखा व्यवस्थापकांचे मत अहवालात नाही. ते मागवून या रकान्याचा फेरविचार व्हावा, ही विनंती.'

शेवटी काय हवं ते स्पष्ट लिहायचं, असा मामांचा दंडक. 'न्याय मिळावा' असं लिहिलं तर खात्याला न्यायाचा फॉर्म सापडत नाही. म्हणून तीन रकान्यांची नावं आणि 'फेरविचार'.

आता राहिलं पत्र देणं. माझा बेत थेट एचआरला टपालानं पाठवण्याचा होता. मामा म्हणाले, "मार्फत." म्हणजे ज्या साहेबांविरुद्ध पत्र, त्यांच्याच हातून ते वर जायचं! थेट गेलं तर 'योग्य मार्गाने पाठवावे' असा शेरा मारून परत येईल आणि ५ जुलै उलटून जाईल. ३ जुलैला दुपारी मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो. एका हातात पत्र, दुसऱ्यात त्याची प्रत, पोच घेण्यासाठी. साहेबांनी पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. साडेसात पानांचं असतं तर काय झालं असतं, या कल्पनेनं मला तिथेच घाम फुटला.

"फरक निरंक?" साहेब म्हणाले. "त्या नोटांच्या गर्दीत?"

"हो."

"मला कोणी सांगितलं नाही."

मी सांगायला हवं होतं. स्वमूल्यमापनाचा रकाना एप्रिलमध्ये आमच्याकडेच भरायला येतो. तिथे 'वर्षातील ठळक कामगिरी' या मथळ्याखाली मी लिहिलं होतं : 'नेहमीप्रमाणे'. हे मी मामांना आजवर सांगितलेलं नाही. साहेबांनी प्रतीवर शिक्का मारला, तारीख घातली, आणि पुढे काही न लिहिता पत्र पाठवलं.

नऊ आठवडे काहीच झालं नाही. मग कळलं की जुन्या साहेबांना, ते आता विदर्भात आहेत, ई-मेल गेला होता आणि त्यांनी चार ओळींचं उत्तर दिलं होतं. सप्टेंबरात संगणकावर निकाल आला. अचूकता पाचाचे आठ. उरक चाराचे सात. ग्राहकसेवा चार, 'बदलास वाव नाही'. एकूण साठ. नियमात 'किमान साठ' आहे, 'साठाच्या वर' नाही, हे मी त्या दिवशी परिपत्रकात तीनदा वाचलं, आणि एकदा हिच्याकडून वाचून घेतलं. परीक्षेचा फॉर्म भरला.

'ग्राहकांशी अनावश्यक बोलतात' हा शेरा तेवढा कायम राहिला. त्याला माझ्याकडे कागद नव्हता. नोव्हेंबरात पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येतात. उभ्या जन्माच्या कष्टानं झिजलेली बोटं यंत्राला ओळखू येत नाहीत. मग हात जरा चोळायला लावायचे, थोडं थांबायचं, पुन्हा बोट ठेवायचं. त्या थांबण्यात काहीतरी बोलावं लागतं. नातू काय करतो, गुडघा कसा आहे, यंदा द्राक्षाला भाव काय. ते कोणत्या रजिस्टरात कोणत्या पानावर लिहायचं?

त्या नोव्हेंबरात एक आजोबा यंत्रासमोर पाच वेळा बोट ठेवून रडकुंडीला आले होते. साहेब केबिनमधून उठून आले, त्यांना दंडाला धरून माझ्या खिडकीशी घेऊन आले आणि म्हणाले, "अहो, जरा बोला यांच्याशी."

मी विचारलं, "आवश्यक की अनावश्यक?"

साहेब हसले नाहीत. आजोबांना ऐकू येत नव्हतं, त्यांनी पुन्हा बोट पुढे केलं.